तरंगवेगाची सूत्रे : तार, ध्वनी आणि प्रकाश

तरंगवेग म्हणजे तरंगावरील एखादी ठरावीक अवस्था, उदाहरणार्थ एखादा उंचवटा किंवा संपीडन, एकक काळात जेवढे अंतर पुढे सरकते ते अंतर. ताणलेल्या तारेवरील अवतरंग, वायू, द्रव व घन पदार्थांतील ध्वनितरंग आणि प्रकाशतरंग या तिन्हींच्या वेगाची सूत्रे शालान्त व उच्च माध्यमिक भौतिकशास्त्रात निरनिराळ्या प्रकरणांत येतात. त्यामुळे ती सुटी सुटी पाठ होतात आणि परीक्षेत एकमेकांत मिसळतात. या लेखात ती शेजारी शेजारी ठेवून त्यांतील साम्य, भेद आणि प्रश्नपत्रिकांत नेहमी आढळणाऱ्या फसव्या जागा दिल्या आहेत.

```
सर्व तरंग     : v = fλ = ω/k
ताणलेली तार   : v = √(T/μ)
ध्वनी, वायू   : v = √(γP/ρ) = √(γRΘ/M)
ध्वनी, द्रव   : v = √(B/ρ)
ध्वनी, सळई    : v = √(Y/ρ)
प्रकाश        : c = 1/√(ε₀μ₀),  v = c/n
```

येथे T हा तारेतील ताण, μ हे तारेच्या एकक लांबीचे वस्तुमान, γ हे वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर, P दाब, ρ घनता, Θ केल्व्हिनमधील तापमान, M मोलर वस्तुमान, B आकारमान स्थितिस्थापकत्व गुणांक, Y यंगचा गुणांक आणि n अपवर्तनांक होय. बहुतेक पुस्तकांत ताण व तापमान या दोहोंसाठी T हेच अक्षर वापरतात. μ ची अडचण याहून मोठी आहे. ते कोठे तारेचे रेषीय वस्तुमान असते, जुन्या पुस्तकांत अपवर्तनांक असते आणि μ₀ या रूपात निर्वाताचा चुंबकीय स्थिरांकही असते. उदाहरण सोडवण्यापूर्वी अक्षर कोणत्या अर्थाने आले आहे हे लिहून ठेवले, तर निम्मा गोंधळ तेथेच संपतो.

## सूत्रांतील समान सांगाडा

तार व ध्वनी यांची सूत्रे एकाच साच्यातील आहेत. वर्गमूळाखाली अंशस्थानी माध्यमाला पूर्वस्थितीत खेचून आणणारी गोष्ट असते आणि छेदस्थानी त्याचे जडत्व असते. तारेच्या बाबतीत खेचून आणण्याचे काम ताण करतो; ध्वनीच्या बाबतीत माध्यमाचा दाबले जाण्यास होणारा विरोध ते काम करतो. प्रकाशाला माध्यमाची गरज नसल्याने त्याच्या सूत्रात वस्तुमान वा घनता यांना स्थानच नाही. तेथे निर्वाताचे विद्युत व चुंबकीय स्थिरांक येतात.

पहिल्या ओळीतील v = fλ हे सूत्र मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते वेग ठरवत नाही. ते केवळ तीन राशींचा संबंध सांगते. वारंवारता उगमावर ठरते, वेग माध्यमावर ठरतो आणि तरंगलांबी या दोहोंतून आपोआप निष्पन्न होते. “वारंवारता दुप्पट केल्यास हवेतील ध्वनीचा वेग किती पट होईल?” हा प्रश्न याच जागी विद्यार्थ्याला गाठतो. सूत्रात f दिसतो म्हणून वेगही दुप्पट, असे उत्तर दिले जाते. वास्तविक वेग तोच राहतो आणि तरंगलांबी निम्मी होते.

## तारेवरील तरंग : एक सोडवलेले उदाहरण

सोनोमीटरवर ५० सेंटीमीटर लांबीची पोलादी तार आहे. या भागाचे वस्तुमान ०.८० ग्रॅम आहे. कप्पीवरून टांगलेल्या भारामुळे तारेत ६४ न्यूटन ताण आहे. तार मूलभूत वारंवारतेने कंप पावत असता तिच्यावरील तरंगाचा वेग, तिची वारंवारता आणि हवेत निर्माण होणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी काढावयाची आहे.

प्रथम μ काढू. सूत्रात वस्तुमान घालायचे नसून एकक लांबीचे वस्तुमान घालायचे आहे, आणि तेही किलोग्रॅम प्रतिमीटरमध्ये.

```
μ = 0.80 × 10⁻³ / 0.50 = 1.6 × 10⁻³ kg/m
v = √(64 / 1.6 × 10⁻³) = √40000 = 200 m/s
f = v/2L = 200 / (2 × 0.50) = 200 Hz
```

दोन्ही टोके पक्की असल्याने मूलभूत कंपनात तारेवर अर्धी तरंगलांबी मावते, म्हणून तारेवरील तरंगलांबी १ मीटर येते. आता पुढचा प्रश्न हवेतील तरंगलांबीचा. येथे तारेवरील २०० मीटर प्रतिसेकंद हा वेग पुन्हा वापरला जातो आणि उत्तर १ मीटर येते. ते चूक आहे. तारेतून हवेत जाताना टिकून राहते ती वारंवारता. हवेतील ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रतिसेकंद धरल्यास तरंगलांबी ३४० ÷ २०० म्हणजे १.७ मीटर होते. तारेवरील तरंग आणि तिच्यामुळे ऐकू येणारा ध्वनी हे दोन निराळे तरंग आहेत, त्यांची माध्यमे निराळी आहेत. त्यांच्यात सामाईक आहे ती फक्त वारंवारता.

हेच उदाहरण पुढे वाढवून असे विचारतात: टांगलेला भार ८ सापेक्ष घनतेच्या धातूचा असून तो पूर्णपणे पाण्यात बुडवला, तर वारंवारता किती होईल? पाण्याच्या उद्धरणामुळे भाराचे वजन एक-अष्टमांशाने घटते, म्हणजे ताण ५६ न्यूटन उरतो. ताण ७/८ झाला म्हणून वारंवारताही ७/८, म्हणजे १७५ हर्ट्झ, हे उत्तर पर्यायांमध्ये हमखास दिलेले असते. वेग ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे योग्य उत्तर २०० × √(७/८), म्हणजे सुमारे १८७ हर्ट्झ आहे.

तारेच्या जाडीचा प्रश्नही असाच आहे. त्याच धातूची, तितक्याच ताणाखालील, दुप्पट व्यासाची तार घेतली तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, μ चौपट होतो आणि वेग निम्मा होतो. येथे वर्गमूळ व वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून वेग व्यासाच्या सरळ व्यस्त प्रमाणात येतो. तार कापून अर्धी केली तर मात्र μ बदलत नाही. वस्तुमान व लांबी दोन्ही निम्मी होतात. ताण कायम असेल तर वेग तोच राहतो आणि लांबी घटल्यामुळे वारंवारता दुप्पट होते.

### टांगलेला दोर

ताण सर्वत्र सारखा असतो हे वरच्या उदाहरणात गृहीत होते. छताला टांगलेल्या जड दोराच्या बाबतीत ते खरे नाही. खालच्या टोकापासून x उंचीवरील बिंदूला फक्त त्याच्या खालच्या दोराचे वजन पेलावे लागते, म्हणून तेथील ताण μgx आणि वेग √(gx) असतो. दोराचे वस्तुमान सूत्रातून निघून जाते. प्रश्नात ते दिलेले असले तरी त्याचा उपयोग नसतो.

दोर २.५ मीटर लांब असून g चे मूल्य १० धरले, तर वरच्या टोकाशी वेग ५ मीटर प्रतिसेकंद असतो. खालून सोडलेला स्पंद वर पोहोचण्यास लागणारा काळ २.५ ÷ ५ म्हणजे अर्धा सेकंद, असे लिहिणे ही पहिली चूक. दोराच्या मध्यावरील ताण घेऊन सुमारे ०.७ सेकंद काढणे ही दुसरी, अधिक सुशिक्षित चूक. v² = gx या संबंधाची v² = 2ax शी तुलना केल्यास स्पंदाचे त्वरण सर्वत्र g/2, म्हणजे स्थिर आहे, हे दिसते. स्पंद शून्य वेगापासून निघून ५ पर्यंत जातो, त्याचा सरासरी वेग २.५ आणि काळ पूर्ण १ सेकंद. सर्वसाधारणपणे हा काळ 2√(L/g) इतका असतो.

## तरंगाचा वेग आणि कणाचा वेग

वरील सोनोमीटरच्याच तारेसारख्या, पण लांब तारेवरून जाणाऱ्या तरंगाचे समीकरण असे दिले आहे असे समजू:

```
y = 0.002 sin(400πt − 2πx)
```

तरंगाचा वेग ω/k, म्हणजे 400π ÷ 2π = २०० मीटर प्रतिसेकंद आहे. तारेवरील कण मात्र तारेबरोबर पुढे जात नाही. तो जागच्या जागी वरखाली हलतो आणि त्याचा कमाल वेग Aω, म्हणजे ०.००२ × ४००π, सुमारे २.५ मीटर प्रतिसेकंद आहे. आयाम वाढवला तर कणाचा वेग वाढतो, तरंगाचा वाढत नाही. तार जोराने छेडल्यास आवाज मोठा होतो, पण लवकर पोहोचत नाही. प्रश्नात “कमाल वेग” हे शब्द असतील तर तो कणाचा वेग समजावा, कारण एकविध माध्यमात तरंगाच्या वेगाला कमाल आणि किमान नसते.

## ध्वनीचा वेग

### न्यूटनचे सूत्र व लाप्लासची दुरुस्ती

न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात वायूतील ध्वनिवेगाचा विचार मांडला. संपीडन व विरलन होताना वायूचे तापमान कायम राहते असे धरले, तर आकारमान स्थितिस्थापकत्व गुणांक दाबाइतकाच येतो आणि v = √(P/ρ) हे सूत्र मिळते. ० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेसाठी दाब १.०१३ × १०⁵ पास्कल आणि घनता १.२९३ किलोग्रॅम प्रतिघनमीटर घातल्यास वेग २८० मीटर प्रतिसेकंद येतो. प्रत्यक्ष मोजलेला वेग सुमारे ३३१ आहे. हा फरक प्रयोगातील त्रुटी म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

त्याचे कारण लाप्लासने १८१६ मध्ये दिले. ध्वनीतील संपीडन इतके जलद होते, आणि हवा उष्णतेची इतकी मंद वाहक आहे, की दाबलेल्या थरातील उष्णतेला शेजारच्या थरात जाण्यास अवसर मिळत नाही. दाबलेला थर तापतो, विरल झालेला थर निवतो. ही प्रक्रिया समतापी नसून स्थिरोष्मी असते. त्यामुळे थराचा दाबले जाण्यास होणारा विरोध γ पटीने वाढतो. हवेसाठी γ = १.४, त्याचे वर्गमूळ १.१८३, आणि २८० × १.१८३ म्हणजे ३३१. “लाप्लासने न्यूटनचे सूत्र का दुरुस्त केले?” या प्रश्नाला केवळ “उत्तर जुळत नव्हते म्हणून” असे लिहून गुण मिळत नाहीत. उष्णतेच्या देवाणघेवाणीचा उल्लेख उत्तरात असावा लागतो.

### दाब, तापमान, आर्द्रता

सूत्रात P उघड दिसतो, म्हणून दाब वाढवला की वेग वाढेल असे वाटते. परंतु तापमान कायम ठेवून दाब दुप्पट केला तर घनताही दुप्पट होते आणि P/ρ तेवढाच राहतो. सूत्राचे दुसरे रूप, √(γRΘ/M), हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगते. त्यात दाब नाहीच. दाबाविषयीचा प्रश्न वाचताच या दुसऱ्या रूपाकडे वळावे.

तापमानाच्या प्रश्नात सापळा एककाचा असतो. २७ अंश सेल्सिअसला जो वेग आहे त्याच्या दुप्पट वेग कोणत्या तापमानाला होईल? वेग दुप्पट होण्यास केल्व्हिनमधील तापमान चौपट व्हावे लागते. २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन, त्याची चौपट १२०० केल्व्हिन, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस. २७ ची चौपट करून १०८ लिहिणारे पुष्कळ असतात. कोणत्याही परिचित तुलनेवरून १०८ चा अविश्वास यायला हवा: दर अंशाला ध्वनीचा वेग सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो, म्हणजे ८१ अंशांच्या वाढीने तो पन्नासएक मीटर प्रतिसेकंद वाढेल, दुप्पट होणार नाही. हा ०.६ चा नियमही केवळ नेहमीच्या तापमानांपुरता आहे. ९२७ अंशांसारख्या ठिकाणी तो वापरू नये.

दमट हवेत ध्वनी किंचित जलद जातो. “दमट” या शब्दाबरोबर जडपणाची भावना येते, पण पाण्याच्या वाफेचे मोलर वस्तुमान १८ आणि कोरड्या हवेचे सुमारे २९ आहे. त्याच तापमानाला व दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

### “घन माध्यमात ध्वनी जलद” हे कितपत खरे?

हवेत सुमारे ३४०, पाण्यात सुमारे १४८०, पोलादी सळईत सुमारे ५००० मीटर प्रतिसेकंद. या क्रमावरून घनता जास्त तेथे वेग जास्त असा नियम बसवला जातो. सूत्र तर घनता छेदात ठेवते. पोलादात वेग वाढतो तो घनतेमुळे नव्हे, घनता असूनही. त्याचा स्थितिस्थापकत्व गुणांक कितीतरी अधिक पटीने मोठा असल्याने. शिसे पोलादापेक्षा जड आहे, पण मऊ आहे, आणि त्याच्या सळईत ध्वनीचा वेग अवघा १२०० च्या आसपास भरतो. उलट हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. त्याच तापमानाला त्यातील ध्वनिवेग ऑक्सिजनमधील वेगाच्या चौपट असतो, कारण दोहोंचा γ सारखा असून मोलर वस्तुमानांचे गुणोत्तर २ : ३२ आहे.

आता वरच्या सोनोमीटरकडे पुन्हा पाहू. त्या तारेवरील अवतरंगाचा वेग २०० मीटर प्रतिसेकंद होता. त्याच तारेतून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अनुतरंगाचा, म्हणजे ध्वनीचा, वेग ५००० आहे. एकाच तारेत दोन वेग हे विद्यार्थ्यांना खटकते, आणि खटकणे योग्यच आहे. पहिला वेग तार किती ताणली आहे यावर ठरतो, दुसरा धातूच्या स्वतःच्या ताठरपणावर. दोन सूत्रांचा भागाकार केल्यास

```
v(अव) / v(अनु) = √(T / YA) = √(विकृती)
```

असे सुटसुटीत उत्तर मिळते. येथे २०० ÷ ५००० = ०.०४, त्याचा वर्ग ०.००१६, म्हणजे ५० सेंटीमीटरची तार ताणामुळे सुमारे ०.८ मिलिमीटर वाढली आहे. तार तुटण्यापूर्वी विकृती एवढ्याच लहान मर्यादेत राहते, म्हणून धातूच्या तारेवरील अवतरंग त्याच तारेतील ध्वनीपेक्षा नेहमीच बराच मंद असतो. उत्तर याच्या उलट आले तर एककांत चूक झाली आहे असे समजावे.

## प्रकाशाचा वेग

मॅक्सवेलने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून निर्वातातील तरंगवेग 1/√(ε₀μ₀) येतो आणि तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळतो. त्यावरून प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचे अनुमान त्याने काढले. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर आधारलेली असल्याने c चे मूल्य २९,९७,९२,४५८ मीटर प्रतिसेकंद हे मोजमाप नसून निश्चित केलेली संख्या आहे.

पारदर्शक माध्यमात वेग c/n होतो. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हवेतून पाण्यात (n = ४/३) शिरला तर वेग २.२५ × १०⁸ मीटर प्रतिसेकंद आणि तरंगलांबी ४५० नॅनोमीटर होते. हवेत ४५० नॅनोमीटरचा प्रकाश निळा दिसतो. म्हणून पाण्यात हा प्रकाश निळा होईल का, असे विचारले जाते. होत नाही. वारंवारता ५ × १०¹⁴ हर्ट्झ तशीच राहते आणि रंगाची ओळख वारंवारतेशी बांधलेली असते.

ध्वनी आणि प्रकाश यांची खरी गल्लत अपवर्तनात होते. हवेतून पाण्यात जाताना प्रकाशाचा वेग घटतो व किरण स्तंभिकेकडे झुकतो. ध्वनीचा वेग त्याच सीमेवर चौपटीहून अधिक वाढतो, म्हणून ध्वनी स्तंभिकेपासून दूर झुकतो. ध्वनीच्या दृष्टीने पाणी हे विरल माध्यम ठरते! हवेतून पाण्यावर येणाऱ्या ध्वनीचा क्रांतिक कोन sin θ = ३४०/१४८० यावरून जेमतेम १३ अंश येतो; त्याहून तिरका आलेला ध्वनी पूर्णपणे परावर्तित होतो. प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन याच सीमेवर नेमके उलट दिशेने, पाण्याकडून हवेकडे जाताना, घडते.

“प्रकाशीय घनता” आणि नेहमीची घनता यांचाही संबंध जोडू नये. केरोसीन पाण्यावर तरंगते, तरी त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४४, म्हणजे पाण्याहून अधिक आहे आणि त्यात प्रकाश पाण्यातल्यापेक्षा मंद चालतो. पाण्यात प्रकाश हवेतल्यापेक्षा मंद असतो हे फूकोने १८५० मध्ये प्रयोगाने दाखवले. न्यूटनच्या कणवादानुसार तो पाण्यात जलद असायला हवा होता.

शेवटचा सापळा वरच्या वर्गांतला आहे. चुंबकीय गुणधर्म नसलेल्या माध्यमासाठी n = √εᵣ असे सूत्र मिळते. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८० दिलेला असतो. त्याचे वर्गमूळ जवळजवळ ९. मग अपवर्तनांक १.३३ कसा? सूत्र चुकलेले नाही, त्यात घातलेली संख्या चुकीच्या वारंवारतेची आहे. ८० हे मूल्य स्थिर किंवा सावकाश बदलणाऱ्या विद्युतक्षेत्रासाठी आहे, जेव्हा पाण्याच्या रेणूंना क्षेत्राबरोबर वळण्यास वेळ मिळतो. दृश्य प्रकाशाचे क्षेत्र सेकंदाला सुमारे ५ × १०¹⁴ वेळा आंदोलन पावते. रेणू वळूच शकत नाहीत, फक्त त्यांतील इलेक्ट्रॉन साथ देतात, आणि त्या वारंवारतेला εᵣ सुमारे १.७७ इतकाच उरतो. त्याचे वर्गमूळ १.३३. अपवर्तनांक वारंवारतेनुसार बदलतो म्हणूनच लोलकातून प्रकाशाचे अपस्करण होते. हवेतील श्राव्य ध्वनीच्या वेगात असा बदल जाणवण्याइतका नसतो, आणि त्यामुळे लांबून ऐकलेल्या वाद्यवृंदातील मंद्र व तार स्वर एकाच वेळी कानावर पडतात.